डिपॉझिट घेतानाच डाग दाखवून ठेव

भाऊ, शेरवानी भाड्यानं देणं सुरू केलंस, बरं झालं. पण डिपॉझिटचा घोळ पहिल्याच सीझनला होतो, म्हणून सांगतो.

कपडा देताना गिऱ्हाइकासमोर उजेडात उलगड. कॉलर, बाह्यांची टोकं आणि खालची किनार, या तीन जागांचे मोबाईलवर फोटो काढ. जुना डाग असेल तर पावतीवर लिही आणि सही घे. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. अडीच हजार भाडं, तीन हजार डिपॉझिटवर शेरवानी दिली. परत आली तेव्हा छातीवर हळद. नवरदेवाचा मामा म्हणे, "हे आधीचंच होतं." माझ्याकडे फोटो नव्हता, पूर्ण पैसे परत द्यावे लागले.

त्यातून धुलाईवाल्यानं साबण लावला, तर पिवळा डाग लालसर झाला. साबणातल्या क्षारानं हळद लाल पडते. आता मी पावतीवरच लिहितो: हळदीचा डाग घरी धुवू नये, तसाच आणावा. साध्या सुती कपड्यावरची हळद उन्हात फिकी पडते, पण जरीच्या नि रंगीत कपड्याला उन्हात टाकू नको, त्याचा रंगच उडतो. तो ड्रायक्लीनला दे.

ड्रायक्लीनचा खर्च भाड्यातच धर, वेगळा मागितला की वाद होतो. डिपॉझिटमधून फक्त फाटणं, जळणं, न निघणारा डाग आणि हरवलेला फेटा-मोजडी कापायची, तीही रक्कम आधी लिहून. वरातीत फटाक्याची ठिणगी पडते, ते बारीक भोक अस्तराकडून उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही.