आठशेतून निवडलेला एक नियम

प्रश्न : आठ वर्षांच्या जुन्या भावांवर तपासलेला माझा नियम दरसाल पंचवीस टक्क्यांहून अधिक परतावा दाखवतो. आता पैसे घालू का? (बोरिवली)

उत्तर : अजून नाही. माटुंग्याला शिकणारा एक विद्यार्थी असाच बॅकटेस्ट घेऊन माझ्याकडे आला होता. एका बँकेच्या शेअरची १३ दिवसांची सरासरी ४७ दिवसांच्या सरासरीवर गेली की खरेदी आणि खाली आली की विक्री, एवढाच त्याचा नियम होता. २०१२ ते २०१९ या काळात त्याने दरसाल २६ टक्के दिले होते. १३ आणि ४७च का, असे विचारल्यावर त्याने लॅपटॉपवरची शीट उघडली. छोट्या सरासरीसाठी ३ ते २२ आणि मोठीसाठी ३० ते ६९ दिवस घेऊन त्याने आठशे जोड्या चालवल्या होत्या, त्या परताव्याच्या उतरत्या क्रमाने लावल्या होत्या आणि पहिली ओळ पिवळी केली होती. मी १३–४६ आणि १४–४७ शोधायला सांगितले. दोन्ही अठराच्या आसपास होत्या. तिमाही निकालांनंतरच्या तीन-चार मोठ्या उसळ्या पहिल्या जोडीला एका दिवसाच्या फरकाने सापडल्या होत्या आणि शेजारच्या जोड्यांच्या हातून निसटल्या होत्या. नियम भावांच्या टिकाऊ चालीऐवजी असे योगायोग गिरवू लागला की त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात. आपल्याला बाजार कळला, असे त्या मुलाला मनापासून वाटत होते, कारण उरलेल्या ७९९ जोड्या त्याने हिशेबात धरल्याच नव्हत्या.

प्रश्न : यश योगायोगाचे आहे की कौशल्याचे, हे आधी कसे ओळखावे? (मुलुंड)

उत्तर : रोजच्या टक्केवारीतील बदलांचा क्रम पत्त्यांसारखा पिसावा आणि त्यातून नवी भावमालिका बांधावी. पहिला व शेवटचा भाव तोच राहतो, पण कालच्या चालीवरून उद्याची ओळखता येईल, असे तिच्यात काही उरत नाही. अशा प्रत्येक मालिकेवर आठशेच्या आठशे जोड्या चालवून केवळ सर्वोत्तम परतावा टिपावा. निवडून काढलेल्या आकड्याची तुलना निवडून काढलेल्या आकड्याशीच करायची असते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. त्या विद्यार्थ्याच्या २०० मालिकांपैकी ५८ मालिकांत सर्वोत्तम जोडीने २६ टक्के किंवा त्याहून अधिक दिले. तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. पिसल्यामुळे मोठ्या चढउतारांचे दिवस सलग येणेही मोडते, म्हणून या कसोटीला मर्यादा आहे. तरीही त्याचा दावा टिकत नव्हता, हे स्पष्ट होते.

प्रश्न : मी शेवटची दोन वर्षे बाजूला ठेवली होती आणि तिथेही नियम चालला. हे पुरेसे नाही का? (गिरगाव)

उत्तर : ती दोन वर्षे आपण एकदाच उघडली असतील, तर त्या निकालाला वजन आहे. आमच्या विद्यार्थ्याने २०२२ आणि २०२३ राखून ठेवली होती, पण नियम तिथे पडल्यावर त्याने नियमाला स्टॉप-लॉस, म्हणजे ठरावीक तोटा झाला की विकण्याची मर्यादा, जोडली आणि ती बदलून पुन्हा पुन्हा पाहिले, आणि अकराव्या बदलानंतर तो ‘चालला’. तोवर ती वर्षेही निवडीचाच भाग झाली होती. न पाहिलेले भाव आता फक्त पुढच्या दिवसांचेच होते. म्हणून त्याने नियम तारीख घालून वहीत लिहिला आणि दलाली आणि एसटीटी हा शेअर व्यवहारांवरचा कर धरून कागदावरच व्यवहार नोंदवू लागला. सहा महिन्यांत तीनच व्यवहार झाले आहेत. तेवढ्यावरून नियम चांगला की वाईट हे ठरत नाही, म्हणून वही अजून चालू आहे.