असाइनमेंट लेट झाली, आता फायनलला किती लागतील?

प्रश्न: गावात लाईन नव्हती म्हणून असाइनमेंट २ दिवस लेट गेली. २० पैकी १६ पडले, रोजचे १०% कटणार. टेस्टमध्ये २० पैकी १३ आहेत, एकूण ६०% पाहिजे, ६० मार्कांच्या पेपरात किती लागतील?

उत्तर: ३५ लागतील भाऊ, वेळेवर दिली असती तर ३१ मध्ये भागलं असतं. आमच्या कॉलेजात इंटर्नलचे मार्क मीच चढवतो, तिथं १०% हे पूर्ण २० वर धरतात, म्हणजे रोजचे २, दोन दिवसाचे ४ गेले, १६ चे राहिले १२, त्यात टेस्टचे १३ टाकले की २५, अन् ६० ला ३५ कमी. पेपरात टक्क्यानं पाहिलं तर ५२ च्या जागी ५८ च्या वर पाडा लागते, अन् हे पोरं शेवटपर्यंत पाहतच नाहीत. फक्त एक विचारून घ्या सरांना, कट पूर्ण मार्कांवर आहे का मिळालेल्या मार्कांवर, कारण १६ चे २०% म्हणजे ३.२ च जातात, मग १२.८ राहतात अन् पेपरात ३४.२ लागतात, अर्धा मार्क देत नसतील तर तेही ३५ च धरा.