आकडा जुळला तरी बॅच बघ

स्टॉक मोजताना नुसती एकूण संख्या जुळवू नकोस. मागे आमच्या औषधांच्या दुकानात कॉम्प्युटरवर एका गोळीच्या १४ पट्ट्या होत्या, कपाटातही १४ निघाल्या. बॅचवार पाहिलं तर कॉम्प्युटरवर जुन्या बॅचच्या २ आणि नव्याच्या १२, कपाटात मात्र जुन्या ९ आणि नव्या ५! सॉफ्टवेअर बिलात जवळच्या एक्स्पायरीची बॅच आपोआप घेत होतं आणि काउंटरवरचा मुलगा कपाटात पुढे असलेली, नवी पट्टी देत होता. एक्स्पायरी रिपोर्टमध्ये त्या ७ पट्ट्या कधीच आल्या नसत्या. शिवाय गिऱ्हाइकाच्या बिलावर चुकीची बॅच गेली. उद्या कंपनीने एखादी बॅच परत मागवली, तर शोधायचं कुणाला?

म्हणून नवा माल मागे लाव आणि बिल करताना पट्टीवरचा बॅच नंबर वाच. पट्टी कापताना बॅच-तारखेचा भाग शेवटपर्यंत राखून ठेव.

परतीचा माल ज्या स्टॉकिस्टच्या खरेदी बिलावर ती बॅच आहे, त्यालाच पाठव. दुसरा घेत नाही. माल परत घ्यायची मुदत प्रत्येकाची वेगळी, आधीच विचारून ठेव. चलनावर सही घे, क्रेडिट नोट येईपर्यंत ते फाइलमध्येच राहू दे. मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ लिहून.