किकऑफ डेकमधून रेसी चार्ट कसा काढायचा?

प्रश्न: नवीन प्रोजेक्टचं किकऑफ डेक हातात दिलंय, ४० च्या वर स्लाइड्स आहेत. मॅनेजर म्हणतात यातून कोण काय करणार याचा रेसी चार्ट बनव. पण डेकमध्ये असा चार्ट कुठेच नाही, कुठे नाव, कुठे डिपार्टमेंट, कुठे नुसतं "टीम करेल". सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सगळ्यात आधी एक करा, चार्ट उघडूच नका. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा थेट रकाने आखून स्लाइड वाचत वाचत कोण करतो, कोण जबाबदार, कुणाला विचारायचं, कुणाला कळवायचं यांची आर, ए, सी, आय ही अक्षरं भरत गेलो आणि दोन दिवसांनी मलाच सांगता येईना की अमुक खान्यात ए का लिहिला. मीटिंगमध्ये कुणी विचारलं "हे कुठे ठरलं?" की संपलं.

म्हणून आधी एक साधी नोंदवही, एक्सेलमध्येच. स्लाइड नंबर, तिथले शब्द जसेच्या तसे, कोण, काय, आणि शेवटी "लिहिलंय" की "माझा अंदाज". एक उल्लेख, एक ओळ. मी अशी नोंदवही केली तेव्हा ४२ स्लाइड्समधून साठेक ओळी निघाल्या होत्या.

डेक पीडीएफमध्ये असेल तर मूळ पीपीटी मागून घ्या, कारण स्पीकर नोट्स आणि लपवलेल्या स्लाइड्स पीडीएफमध्ये बहुतेकदा येत नाहीत आणि खरं बोलणं बऱ्याचदा तिथेच असतं. Outline View मधून टेक्स्ट कॉपी करायचा शॉर्टकटही मारू नका, त्यात टेक्स्ट बॉक्स आणि टेबलमधला मजकूर दिसत नाही. प्लॅनचा गँट चार्ट तर हमखास फोटो म्हणून चिकटवलेला असतो, तो सर्चमध्येही सापडत नाही, डोळ्यांनीच वाचावा लागतो.

आता खरी गोम. टीमची ओळख करून देणारी स्लाइड, ते चौकोन आणि रेषा असलेली, जबाबदारीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही, फक्त हुद्दे सांगते. जबाबदाऱ्या लपलेल्या असतात "गृहीतकं", "रिस्क" आणि "डिपेन्डन्सी" या शेवटच्या कंटाळवाण्या स्लाइड्सवर, जिथे पोचेपर्यंत लोक चहाला उठलेले असतात. "क्लायंटकडून वेळेत मिळेल असं गृहीत धरलंय" हे वाक्य दिसतं गरीब, पण डेक व्हेंडरचं असेल आणि क्लायंट तुम्ही असाल तर त्याचा अर्थ ते काम तुमच्या गळ्यात आहे.

माझी केस सांगतो. चाकणची ऑटो पार्ट्स बनवणारी कंपनी, जुन्या सॉफ्टवेअरमधून नवीन ईआरपीवर जायचं होतं, मी कंपनीच्या बाजूने आणि डेक बनवलेलं व्हेंडरने. फक्त मास्टर डेटाचा, म्हणजे आयटम, सप्लायर वगैरेंच्या मूळ याद्यांचा विषय घेतला तरी पाच ठिकाणी पाच गोष्टी. स्कोपच्या स्लाइड ९ वर "डेटा मायग्रेशन आम्ही करू". स्लाइड १२ च्या नोट्समध्ये "पर्चेस हेड बघतील असं बोलणं झालंय, कन्फर्म करणे". स्लाइड २३ च्या गँटमध्ये "डेटा क्लीनिंग" च्या पट्टीखाली बारीक अक्षरात "स्टोअर्स, आयटी". स्लाइड २९ वर "स्टीअरिंग कमिटी साइन ऑफ". आणि स्लाइड ३४ वर गृहीतक, "क्लीन डेटा क्लायंट देईल".

वरवर वाचलं तर वाटतं डेटा व्हेंडर बघतोय. पण नोंदवहीत हे पाच एकाखाली एक आल्यावर कळतं की "डेटा मायग्रेशन" हे एक काम नाहीच. जुन्या सिस्टीममधून डेटा काढणं, साफ करणं, टेम्प्लेटमध्ये भरणं, अपलोड करणं आणि शेवटी जुळवून बघून सही करणं, ही पाच कामं. व्हेंडरने कबूल केलेलं फक्त अपलोड, आणि साफसफाई, म्हणजे एकच एम८ बोल्ट तीन कोडने पडलाय त्यातला कुठला ठेवायचा हे ठरवणं, ते सगळं आपल्याकडे. म्हणून एकाच कामाबद्दल दोन स्लाइड्स वेगळं बोलतायत असं दिसलं की कोण बरोबर हे ठरवायच्या आधी बघा काम एकच आहे का, बहुतेकदा ते फोडायचं असतं. पण फोडायचं तेवढंच जिथे माणूस बदलतो, नाहीतर शंभर ओळींचा चार्ट होतो आणि तो कुणी वाचत नाही.

मग अक्षरं. "तयार करेल, भरेल, चालवेल" आर. "इनपुट देईल" सी. "कळवलं जाईल" आय. इथवर सोपं. "सपोर्ट करेल" हा सगळ्यात चालू शब्द, त्यात हात लावून काम करणंही येतं आणि फोन उचलणंही, त्यामुळे त्याला लगेच अक्षर देऊ नका, विचारा. आणि ए म्हणजे ज्याला शेवटी जाब विचारायचा तो, एका कामाला एकच. कमिटीला ए देऊ नका, जाब विचारायला कमिटी सापडत नाही, कमिटीतला एक माणूस मागा. जिथे तुमचा अंदाज आहे तिथे अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे A?, R? असं. आणि माहिती नसेल तर खाना रिकामा सोडा, रिकामा खाना वाईट दिसतो म्हणून भरायचा मोह होतो, तो आवरा.

आडवी कामं, उभी माणसं (C ते J) धरली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी हे दोन फॉर्म्युले टाका:

```
=COUNTIF(C5:J5,"*A*")
=COUNTIF(C5:J5,"*~?*")
```

पहिल्याचं उत्तर १ च यायला हवं, शून्य म्हणजे वाली नाही, दोन म्हणजे भांडण ठरलेलं. दुसरा किती खाने अजून अंदाजावर आहेत ते मोजतो. प्रश्नचिन्हाआधीचं ते ~ विसरू नका, नाहीतर एक्सेल ? ला "कुठलंही एक अक्षर" समजतो आणि आकडा भलताच येतो.

माझ्याकडे साफसफाईच्या ओळीत आर होता स्टोअर्सला (स्लाइड २३), ए च्या जागी पर्चेस हेडपुढे A?. आता पूर्ण चार्ट सगळ्यांना मेल करून "कृपया तपासा" लिहिलं असतं तर "ओके" एवढंच उत्तर आलं असतं. त्याऐवजी त्यांना एकट्यांना जाऊन विचारलं, "सर, स्लाइड १२ च्या नोट्समध्ये डेटा तुम्ही बघणार असं आहे, आयटमचे डुप्लिकेट कोड राहिले तर तुम्हालाच विचारायचं ना?" ते ताडकन म्हणाले, "मी सप्लायरची यादी बघेन, आयटम मास्टर स्टोअर्सचं आहे, आणि एचएसएन कोड तर अकाउंट्सला विचार." झालं, एका प्रश्नात एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, दोन्हींना ए मिळाला, आणि अकाउंट्सचं नाव, जे या विषयात पूर्ण डेकमध्ये कुठेच नव्हतं, ते सी म्हणून आत आलं.

विचारताना "ए कोण" असं विचारू नका, समोरचा गोंधळतो किंवा जबाबदारी झटकतो. "हे चुकलं तर कुणाला फोन करू" असं विचारा.

अजून एक, नावांचा घोळ. डेकमध्ये "फायनान्स", "अकाउंट्स" आणि "सीएफओ ऑफिस" तिन्ही होतं, मी एकच समजलो, निघाले दोन वेगळे लोक. रकान्यात शक्यतो माणसाचं नाव आणि खाली हुद्दा लिहा.

आणि डेक व काँट्रॅक्टमधलं कामाचं परिशिष्ट वेगळं बोलत असेल तर डेक सोडून द्या, सही परिशिष्टावर आहे. चार्टच्या डोक्यावर डेकची तारीख आणि व्हर्जन टाकून ठेवा, माझ्या वेळी दुसऱ्याच आठवड्यात नवीन डेक आलं आणि स्लाइड ३४ ची ३७ झाली होती.