आरसी हरवलं तर आधी काय करायचं

अरे घाबरू नकोस, आधी डिजिलॉकरमधून आरसी काढून ठेव, तोपर्यंत गाडी चालवताना ते चालतं. मग पोलिसांकडे हरवल्याची तक्रार दे आणि त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर नीट लिहिलाय का ते तिथंच उभं राहून वाच, माझ्या वेळी एक अक्षर चुकलं होतं आणि आरटीओतून परत पाठवलं. चेसिस नंबर १७ अक्षरी असतो, ओ आणि शून्यात गल्लत होते, पण त्यात इंग्रजी ओ नसतोच, शून्यच असतं. प्रतिज्ञापत्रात आरसी हरवलंय, कुणाकडे गहाण नाही, पोलिसांनी जप्त केलेलं नाही हे स्पष्ट लिही. मग परिवहनच्या साइटवर डुप्लिकेट आरसीसाठी फॉर्म २६ भर. गाडीवर लोन असेल तर फॉर्मवर बँकेची सही-शिक्का आधीच घे, सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो बघ.