शिष्यवृत्तीचं खरं पोर्टल कोणतं आणि एजंटला पैसे द्यावेत का?

प्रश्न: माझी बहीण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, ओबीसी प्रवर्ग. एक जण हजार रुपये मागतोय, "फॉर्म भरून मंजूरही करून देतो" म्हणतो. गुगलवर तर ढीगभर साइट दिसतात. खरी कोणती?

उत्तर: हजार रुपये देऊ नका. कॉलेजमध्ये शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

महाराष्ट्रातल्या दहावीनंतरच्या बहुतेक राज्य शिष्यवृत्त्यांसाठी पोर्टल म्हणजे महाडीबीटी: mahadbt.maharashtra.gov.in. केंद्राच्या योजनांसाठी scholarships.gov.in. गुगलवर शोधत बसू नका, पत्ता स्वतः टाइप करा. पत्त्यात https:// नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी काय आहे ते बघायचं. तिथे शेवट टिंबासकट .gov.in असाच हवा, कारण तो फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. नावात mahadbt असून शेवटी .com असेल, तर ती कुणाची तरी खाजगी साइट. तिथे आधार नंबर टाकू नका.

आता "मंजूर करून देतो" याबद्दल. अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो. आम्ही कागद पाहून पुढे पाठवतो, मग संबंधित विभागाचं कार्यालय तपासतं. या साखळीत एजंटला कुठेच जागा नाही. अर्जाला शासनाची फीसुद्धा नाही. सायबर कॅफेवाल्याने स्कॅनिंग-प्रिंटचे पैसे घेतले तर ती त्याची मजुरी, त्यात गैर काही नाही.

खरा घोळ मोबाइल नंबरचा असतो. एजंट प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर टाकतो, युजरनेम-पासवर्डही त्याच्याकडेच. समजा उत्पन्नाचा दाखला नीट स्कॅन झाला नाही म्हणून आम्ही अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवला. मेसेज जातो एजंटला. तो तोवर पुढच्या गिऱ्हाइकांत गुंतलेला. मुलगी "अर्ज भरलाय" म्हणून निश्चिंत, आणि दुरुस्तीची मुदत उलटून जाते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तेच लॉगिन लागतं, तेव्हा पुन्हा त्याच्याच दारात.

म्हणून नोंदणी बहिणीच्याच मोबाइलवरून करा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. आधारला जुना नंबर असेल तर आधी आधार केंद्रात तो बदलून घ्या. दुसरं, रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. ते खातं कोणत्या बँकेत आहे हे myaadhaar.uidai.gov.in वर Bank Seeding Status मध्ये दिसतं. तिथे भलत्याच जुन्या किंवा बंद खात्याची बँक निघाली तर बँकेत जाऊन बदला, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

अर्ज सबमिट झाला की अर्ज क्रमांक लिहून ठेवा, प्रिंट आणि कागद कॉलेजात द्या आणि आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघा. काही अडलं तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. शेवटच्या तारखेला मात्र येऊ नका, त्या दिवशी पोर्टलही रडतं आणि आम्हीही.