कापून घेतलेले तीन हजार कुणाचे?

प्रश्न : आम्ही हर्णैजवळच्या पाच जणी, मासे विकतो. गेल्या ऑगस्टात प्रत्येकीला ३०,००० रुपये गटकर्ज मिळालं, १२ मासिक हप्त्यांचं, व्याज २४ टक्के. त्यातून ३,००० ‘सुरक्षा बचत’ आणि ५३१ प्रक्रिया शुल्क कापून हातात २६,४६९ आले. हप्ता २,८३७. माझे अकरा हप्ते वेळेवर गेले. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आमच्यातल्या एकीचे दोन हप्ते थकले. आता वसुलीचे साहेब म्हणतात, तुमचे तीन हजार तिच्या थकबाकीत वळते करणार. मी म्हटलं, मग माझा शेवटचा हप्ता त्यातच धरा. तर म्हणाले, नाव सिबिलला जाईल. आणि हे खरंच २४ टक्केच होतं का?

उत्तर : ताई, पावसाळा संपता संपता रत्नागिरी-सिंधुदुर्गातून याच धाटणीची पत्रं येतात. गाव बदलतं, रक्कम बदलते, ‘बचत’ मात्र सगळीकडे असते. पत्रात तुम्ही हप्ता रुपयापर्यंत नेमका लिहिला आहे, पण ज्यावर सगळं ठरणार ती गोष्ट लिहिलेली नाही. ते तीन हजार कुणाच्या नावे जमा झाले? पावती किंवा पासबुक काढा आणि त्यावर छापलेलं नाव वाचा. कर्जकार्डावर छापलेलं नाव त्याच्या शेजारी ठेवा. दोन्ही नावं एक असली तर एक उत्तर, वेगळी असली तर दुसरं. ‘साहेबांची कंपनी’ हे नाव कायद्याला कळत नाही.

पावती मिळालीच नव्हती असं म्हणणार असाल, तर ती त्याच दिवशी मागायला हवी होती. कर्ज हातात पडेपर्यंत सगळ्यांना घाई असते, कागद नंतर बघू म्हणतात, आणि ते नंतर वर्षाने येतं. असो. पावती नसली तरी कर्जकार्डावर किंवा वाटपाच्या कागदावर कपातीची नोंद असायला हवी.

आधी नाव एखाद्या बिगर-बँक वित्तीय कंपनीचं किंवा बँकेचं निघालं असं धरू. मग तुमची बाजू मजबूत आहे. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्मकर्जाचे निर्देश १४ मार्च २०२२ ला आले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला दिलेलं हे कर्ज विनातारणच असलं पाहिजे, आणि कर्जदाराच्या ठेव खात्यावर बोजा ठेवून ते कर्ज जोडता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ‘कर्ज फिटेपर्यंत बचत काढता येणार नाही’ हा बोजाच झाला, नाव काहीही द्या. शिवाय सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्यांना लोकांच्या ठेवी घ्यायचा परवाना नसतो. त्यामुळे त्यांनी स्वतःच्या नावावर ‘बचत’ म्हणून पैसे घेतले असतील, तर प्रश्न तुमच्या तीन हजारांच्या पलीकडे जातो. काही ठिकाणी कंपनी बँकेची प्रतिनिधी म्हणून काम करते आणि खातं खुद्द तुमच्या नावाने बँकेत उघडलेलं असतं. तसं असेल तर आधी बँकेत जाऊन पैसे काढायची चिठ्ठी भरा. अडवलं, तर कुणी आणि कोणत्या कारणाने, ते लिहून मागा.

नाव पतसंस्थेचं निघालं तर मात्र खेळ उलटतो. सहकारी पतसंस्थेला सभासदांकडून ठेवी घेता येतात, आणि वर सांगितलेले निर्देश तिला लागू नाहीत. उलट महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४६ ने सभासदाच्या शेअर्सवर आणि ठेवीवर त्याच्या देण्यापोटी संस्थेचा बोजा असतो, आणि ती वळतीही करू शकते. देणं तुमचं असलं पाहिजे, हे तिथलं कळीचं वाक्य. मैत्रिणीची थकबाकी ‘तुमचं देणं’ होते का, हे तुम्ही जामीनदार म्हणून कशावर सही केली त्यावर ठरेल. तो कागद पाहिल्याशिवाय मी यावर काही ठाम बोलणार नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करायची. वाद सहकार न्यायालयात गेला तर तारखांचा हिशोब तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरी शक्यता, पावतीवर एखाद्या ट्रस्टचं, मंडळाचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव. कर्ज एकाकडून, बचत दुसऱ्याकडे. असल्या ठेवीसाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आणणारा कायदा आहे. तो तुम्हाला लागतो की नाही ते कागदांवर अवलंबून आहे, पण नाव असं निघालं तर कागदांची एक झेरॉक्स मला लगेच पाठवा, पुढचा हप्ता येईपर्यंत थांबू नका.

आता २४ टक्क्यांचं. तुमचा हप्ता २४ टक्के घटत्या शिल्लकीवर बरोबर बसतो, म्हणून कुणी खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही. बारा हप्त्यांचे ३४,०४४ होतात, म्हणजे व्याज ४,०४४. पण हे व्याज कशावर दिलंत? पहिल्या महिन्यात मुद्दल ३०,००० आहे, शेवटच्या महिन्यात ती २,७८१ वर येते. वर्षभराची सरासरी शिल्लक निघते १६,८५० च्या आसपास. त्यातले ३,००० सतत त्यांच्याकडेच होते. मुद्दल दर महिन्याला उतरते, ठेव मात्र जागची हलत नाही. सगळे म्हणतात दहा टक्के कापले, पण वर्षभराच्या हिशोबात ते सुमारे अठरा टक्के पडले. तुमच्या वापरात सरासरी १३,८५० रुपयेच होते, आणि त्यांवर ४,०४४ व्याज म्हणजे साधारण २९ टक्के. प्रक्रिया शुल्काचे ५३१ मिळवले की ३३ टक्के. ठेवीवर व्याज दिलेलं दिसत नाही, म्हणून मी शून्य धरलं आहे. पासबुकात काही जमा झालं असेल तर आकडा तितका उतरेल.

शेवटचा महिना तर पाहाच. तुमच्याकडे त्यांचे २,७८१ येणं आहे आणि त्यांच्याकडे तुमचे ३,००० आहेत. या महिन्यात सावकार तुम्ही आहात, आणि व्याज तरी तुम्हीच भरताय.

तुम्हाला कर्जासोबत ‘मुख्य तथ्य विवरण’ नावाचा कागद मिळायला हवा होता. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थांनी १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर केलेल्या कर्जाला तो सक्तीचा आहे, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. शुल्क धरलं आणि ठेव वगळली, तर तुमच्या कर्जाचा दर २७.५ टक्क्यांच्या जवळपास येतो. तिथे हाच आकडा छापलेला दिसला, तर ठेव हिशोबाबाहेर ठेवली असं समजा. ३३ च्या आसपास दिसला तर त्यांनी प्रामाणिकपणे धरली आहे. विवरणात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ते म्हणतील, ठेव म्हणजे शुल्क नव्हे, ती परत मिळते. मग परत करा की, हाच आपला मुद्दा.

शेवटचा हप्ता मात्र भरा. तुमचा राग मला समजतो, आणि ठेवीतून वळता करून घ्या हे म्हणणं कायद्याच्या चौकटीत मांडताही येईल. पण ते सिद्ध करायला महिने-वर्षं जातील, आणि हप्ता चुकल्याची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे त्याआधीच पोहोचेल. २,८३७ रुपयांसाठी तुमची पत गहाण ठेवू नका. भरताना पावती घ्या, आणि त्याच दिवशी संस्थेच्या शाखेला एक पत्र द्या, वसुलीच्या साहेबांना नव्हे. पत्रात एवढंच लिहा :

‘माझा शेवटचा हप्ता माझे सर्व हक्क राखून भरला आहे. माझ्या नावे कापलेली ३,००० रुपयांची बचत मला परत द्यावी. ती कोणत्याही इतर सदस्याच्या थकबाकीत वळती करण्यास माझी संमती नाही. आधीच वळती केली असल्यास कोणत्या कागदाच्या आधारे ते लेखी कळवावे. कर्ज फिटल्याचा दाखला द्यावा.’

दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नाकारला तर स्पीड पोस्टाने पाठवा. लेखी मागणीची तारीख पुढच्या सगळ्याचा पाया आहे. संस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असेल आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. cms.rbi.org.in वर ऑनलाइन अर्ज होतो, वकील लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘साहेब पुढच्या महिन्यात देतो म्हणाले’ यावर ती थांबत नाही, आणि बऱ्याच प्रकरणांत मुदत अशीच गेलेली असते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. बंदी उठली की लगेच ‘पुढची फेरी’ सुचवतील, मोठी रक्कम, आणि जुनी बचत नव्या कर्जाच्या बचतीत ‘तशीच पुढे’. त्या फॉर्मवर सही केली की जुनी मागणी संपली, वर नव्या कर्जाला ठेवीचं ओझं पहिल्या दिवसापासून बसलं. ‘मी स्वखुशीने बचत करत आहे’ अशी एक ओळ त्यात असतेच. तुम्हाला तिच्यावर सही आठवत नसेल, पण मागच्या वर्षीच्या कागदांतही ती बहुधा आहे. तीच ओळ ते पुढे करतील. कर्जातून कापलेली रक्कम स्वखुशीची कशी, हे मग त्यांनी समजावून सांगावं. हातात २६,४६९ दिल्याचं त्यांचंच कर्जकार्ड कपातीचा पुरावा आहे, म्हणून ते परत देऊ नका, फोटो काढून ठेवा.

मैत्रिणीच्या दोन हप्त्यांबद्दल तुम्ही हात झटकू शकाल असं मी म्हणत नाही. गटातल्या परस्पर हमीवर सही असेल तर तिची थकबाकी ते तुमच्याकडे मागू शकतात. मागणं वेगळं आणि न विचारता तुमच्या ठेवीतून उचलणं वेगळं, एवढाच फरक धरून ठेवा. आणि तिलाही सांगा, दंड आकारला तर तो थकलेल्या रकमेवरच हवा, पूर्ण कर्जावर नाही.